वरात मागच्या वाटेनं आली

आमच्या गावात कोणाच्याही मुलीचं लग्न ठरलं की साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप आमच्या अंगणात येऊन बसायचा. चहा व्हायचा, पाऊसपाण्याच्या गोष्टी व्हायच्या आणि मग तो हळूच म्हणायचा, "भाऊ, वरातीचं तुमच्याकडे."

बाबा "हो" म्हणायचे. तेवढ्यावर ते काम ठरायचं.

वरातीचं म्हणजे नवरदेवाकडच्या लोकांना घेऊन येण्यापासून ते मांडवात बसवण्यापर्यंतचं सगळं. एटापल्लीच्या रस्त्यावरून एक फाटा आमच्या गावाकडे वळतो. त्या काळी फाट्यापासून गावापर्यंत कच्ची वाट होती आणि मधे एक नाला. उन्हाळ्यात नाला कोरडा असायचा, पण रेती इतकी की बसचं चाक त्यात गेलं की रुतलंच. म्हणून वरातीची बस फाट्यावर थांबायची आणि तिथून लोकांना बैलगाडीनं आणावं लागायचं. मे महिन्याच्या उन्हात, दूरच्या प्रवासाने आंबलेली माणसं, त्यात म्हातारे, तान्ही लेकरं आणि रुसायला कारण शोधणारे एकदोन मामे. त्यांना हसत गावात आणणं हे सोपं काम नव्हतं.

बाबा शेतकरी, धानाची शेती. शाळा फार शिकले नव्हते, पण या कामात त्यांची एक पद्धत होती. गाड्यांत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरून वर सतरंजी टाकायची. बायकांची गाडी वेगळी, तिला बांबूच्या तट्ट्याचं छप्पर. फाट्यावरच्या मोहाच्या झाडाखाली पाण्याचे माठ आणि आंबिलीचं भांडं आदल्या दिवशीच पोचवायचं. पाहुणा उतरला की आधी पाणी, मग आंबील, मग रामराम. "तोंड कोरडं असलेल्या माणसाशी बोलू नये," ते म्हणायचे, "तो काही बोलला तरी खरं नसते." आणि उशीर का झाला, हे वरातीला कधीच विचारायचं नाही.

जानोसा, म्हणजे वरातीची उतरायची जागा, नेहमी शाळेत असायचा. सुट्ट्या असायच्या, खोल्या रिकाम्या. तिथे रांजण भरून ठेवणं, बायकांच्या अंघोळीसाठी तट्टे उभे करणं, म्हाताऱ्यांसाठी खाटा, न्हाव्याला सकाळपासून आणून बसवणं, पानसुपारी, विडी-तंबाखू, इतकंच काय बसच्या ड्रायव्हरला जेवण कोण नेऊन देईल, हेसुद्धा ठरलेलं. आणि सगळ्यांत वर त्यांचा एक नियम होता. मुहूर्त चुकवायचा नाही. कोणाच्या रुसव्यासाठी नाही, कोणाच्या मानपानासाठी नाही. "उपाशी वरात आणि टळलेला मुहूर्त, दोन्ही जन्मभर लोकांच्या तोंडात राहतात," असं ते म्हणायचे.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. दोन भाऊ माझ्याहून बरेच लहान. माझं लग्न वरोऱ्याला ठरलं. कापसाच्या बाजाराचं गाव, रेल्वेचं गाव. आमच्याकडून बघितलं तर शहरच. इवाई, म्हणजे बाबांचे व्याही, माझे सासरे, शाळेत शिक्षक होते. बोलणं मोजकं, स्वभाव सरळ. ठरवायला आले तेव्हा त्यांनी एकच काळजी बोलून दाखवली होती. "एवढ्या जंगलात बस येईल ना?"

बाबा म्हणाले, "बस फाट्यापर्यंत येईल. तिथून पुढं तुम्ही माझ्या अंगावर."

त्या लग्नात बाबांनी जे केलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्यांच्या वरातींसाठी ते सांगायचे आणि लोक करायचे. माझ्या वेळी प्रत्येक गोष्ट त्यांनी स्वतः हातात घेतली. नाल्यातल्या रेतीवर जांभळीच्या फांद्या आणि माती टाकून गाड्यांसाठी वाट केली. इवायाची आई फार म्हातारी आहे असं कळल्यावर तिच्यासाठी गाडीत खाट बांधून बघितली. आईला तीवर बसवून अंगणात गाडी फिरवली. आई ओरडत होती, "अजी, लोक पाहून राह्यले नं! उतरवा मले!" आणि बाबा बैलांच्या पुढं चालत विचारत होते, "धक्का लागते का? सांग नं, लागते का?"

एका संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले. मी तांदूळ निवडत होते. म्हणाले, "तुया वरातीले मी शिवेवर उभा राहीन. आतापर्यंत लोकांच्या इवायाच्या गळाभेटी पाह्यल्या. आता माही पाळी."

व्याही भेटतात तेव्हा गावच्या शिवेवर एकमेकांना गुलाल लावतात, नारळ देतात, मिठी मारतात. इतक्या वर्षांत बाबांनी तो गुलाल फक्त दुसऱ्यांच्या हातात दिला होता.

लग्नाच्या दिवशी सकाळीच ते निघाले. गाड्या, गावचे कर्ते पुरुष, सनई-डफडंवाले, हार, गुलाल, नारळ, सगळं त्यांच्यासोबत. लग्न गोरज मुहूर्तावर होतं. वरात सकाळी यायची, जानोशात अंघोळ-नाश्ता, नवरदेवाची हळद, दुपारी आराम, मग मारुतीचं दर्शन आणि सूर्य बुडता बुडता मांडवात. भरपूर वेळ हाताशी ठेवला होता. जाताना दारातून म्हणाले, "आलोच घेऊन."

सकाळ गेली. दुपार झाली. वरात आली नाही.

आमच्याकडे फोन नव्हता. फाट्यावर काय चाललं आहे हे गावात कळायला मार्ग नव्हता. मांडवात बायका पोळ्या लाटत होत्या, पण लाटण्यांचा आवाज हळूहळू कमी झाला. अंगाला हळद लावलेली मी घरात बसून होते. आजी सारखी विचारायची, "वाजते का व काही?" आणि मग स्वतःच कान देऊन म्हणायची, "नाई."

ऊन थोडं कलल्यावर हॉर्न ऐकू आला. पण तो फाट्याच्या बाजूनं नव्हता. तो गावाच्या मागून, जंगलाच्या बाजूनं आला. बांबूचे ट्रक त्या बाजूला कूपाच्या, म्हणजे जंगलातल्या तोडीच्या, रस्त्यानं यायचे, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. पुन्हा हॉर्न. मग कोणाची तरी लेक धावत मांडवात आली. "ट्रकमधी नवरदेव आहे! बाशिंग बांधलेला!"

झालं असं होतं की आष्टी सोडल्यावर वरातीची बस बंद पडली. दुरुस्तीला किती वेळ लागेल याचा पत्ता नव्हता. इवायांना मुहूर्ताची काळजी. बांबू भरायला निघालेला एक रिकामा ट्रक थांबला. ड्रायव्हर म्हणाला, फाट्यावरून ट्रक गावात जाणार नाही, नाल्यात फसेल. पण कूपाचा रस्ता फाट्याच्या आधीच वळून थेट गावाच्या पाठीमागं निघतो, त्यानं सोडतो. इवायांना वाटलं, आता फाट्यावर उतरून बैलगाडीत वेळ घालवण्यापेक्षा हे बरं. मुलीकडच्यांना आणखी ताटकळत ठेवायचं नाही. बसच्या ड्रायव्हरला त्यांनी सांगून ठेवलं की मुलीकडचं कोणी आलं तर निरोप दे. आणि सगळी वरात, नवरदेवाच्या म्हाताऱ्या आजीसकट, बांबूच्या ट्रकमधे चढली.

म्हणजे दोघंही वेळ वाचवायलाच धडपडत होते. एक फाट्यावर, एक जंगलात.

आणि गावात कर्ते पुरुष नव्हते. शिवेवर कोणी नाही, वाजंत्री नाही, गुलाल नाही, हार नाही. सगळं बाबांजवळ फाट्यावर. धुळीनं लाल झालेली माणसं ट्रकमधून उतरत होती आणि त्यांना पाणी द्यायलाही कोणी नव्हतं.

त्या वेळी आईनं जे केलं ते मला पुढं अनेक बायकांनी सांगितलं. तिनं पिठाचे हात पदराला पुसले. पाण्याची घागर काकूच्या डोक्यावर दिली, आरतीचं ताट स्वतः घेतलं आणि म्हणाली, "चला." बायका घागरी, तांबे, गुळाची परात घेऊन धावल्या. हार नव्हते. आईनं मांडवाच्या दाराचं आंब्याच्या पानांचं तोरण ओढून काढलं आणि ते नवरदेवाच्या गळ्यात घातलं. गुलाल नव्हता, म्हणून कुंकू. पाय धुतले, भाकरतुकडा ओवाळून टाकला. म्हाताऱ्या आजीला दोघींनी ट्रकवरून अलगद उतरवलं आणि खाट मागवून तिच्यावरच उचलून जानोशात नेलं.

इवाई उभे होते. त्यांना मिठी मारायला कोणी नव्हतं. ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "बाई, इवाई कुठी आहेत?"

आई म्हणाली, "तुमचीच वाट पाहून राह्यले भाऊ, फाट्यावर. आता बोलावतो."

नवरदेवाच्या मामाला हे आवडलं नाही. शिवेवर गावातलं एकही माणूस नाही, हा अपमान आहे, असं ते जानोशात मोठ्यानं बोलत होते. इवायांनी त्यांना गप्प केलं, असं नंतर कळलं. पण ते वाक्य माझ्यापर्यंतही पोचलं. बाबांच्या कामात असं वाक्य कधी कोणी बोललं नव्हतं.

गावातला एक जण सायकलनं फाट्यावर धावला. तिथे गाड्या होत्या, काका होते, सनईवाले झाडाखाली लवंडले होते. बाबा नव्हते. दुपार झाल्यावर त्यांचा धीर सुटला होता. घाटात काही अपघात तर झाला नाही ना, या भीतीनं ते आलापल्लीकडे जाणाऱ्या एका जीपमधे बसून वरात शोधायला निघून गेले होते. जाताना काकाला म्हणाले होते, "तू हलू नको इथून. ते आले तर पाणी दे आधी."

काका सगळ्या गाड्या घेऊन परत आला. गाड्या रिकाम्या. सतरंज्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. आंबील तशीच भरलेली होती. ती मग जानोशात नेऊन वाटली.

त्यानंतर सगळं ठरल्याप्रमाणेच झालं, फक्त घाईनं. अंघोळी, हळद, मारुती. सनई वाजायला लागली. मला साडी नेसवली, मुंडावळ्या बांधल्या. मी प्रत्येकीला विचारत होते, "बाबा आले?" आणि जी ती म्हणत होती, "येतीनच."

सूर्य खाली आला. भटजींनी घटिकापात्राकडे बघणं सुरू केलं. मांडवाच्या कडेला काका, नवरदेवाचे मामा, इवाई, भटजी उभे राहिले. आई दारात. मी आतल्या खोलीत, पण भिंत कुडाची, सगळं ऐकू येत होतं.

काका म्हणाला, "थोडा वेळ थांबता येते का महाराज?"

"दिवेलागणीपर्यंत ओढतो," भटजी म्हणाले. "त्यापुढं नाही."

तेवढ्यात नवरदेवाकडून निरोप आला. त्यांनी म्हणून पाठवलं होतं की मुलीचे वडील येईपर्यंत थांबायला माझी हरकत नाही. मी त्यांना तोवर नीट बघितलंही नव्हतं, पण ते वाक्य मी अजून विसरले नाही.

थांबले. सगळे थांबले. सनईवालाही थांबला. पाखरं घरट्यांकडे निघाली. फाट्याच्या वाटेवर उभी केलेली पोरं मांडवाकडे बघून हात हलवायची. कोणी नाही.

शेवटी आईच बोलली. तिचा आवाज मी ओळखला नाही. "लावा लगन. ते इथी असते तर त्यायनंच म्हटलं असतं. लोकांच्या लग्नात नाई चुकू देल्ला मुहूर्त, आपल्या घरचा चुकवतीन का?"

मी आतून म्हणाले, "माय, थांब नं थोडं." ती आत आली. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाई, ते आले आणि मुहूर्त गेला असला, तर त्यायले जास्त लागन." तिचं बरोबर होतं. ती त्यांना माझ्याहून जास्त ओळखत होती. तरी मला ते तेव्हा पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटलेलं नाही.

कन्यादानाला काका-काकू बसले. आई बाबांशिवाय बसणार नाही म्हणाली आणि खांबाला टेकून उभी राहिली. अंतरपाट धरला गेला, अक्षता पडल्या, सनई वाजली. लग्न लागलं.

पंगती बसल्या होत्या, गॅसबत्त्या पेटवल्या होत्या, तेव्हा बाबा आले. ते थेट बंद पडलेल्या बसपर्यंत पोचले होते. ड्रायव्हर बसखाली झोपला होता. त्यानं निरोप दिला, "ते तर कवाचेच ट्रकनं गेले." तिथून परतायला बराच वेळ वाहन मिळालं नाही. मिळालं तेव्हा फाट्यावर उतरून ते नाला ओलांडून पळतच आले होते. धोतर गुडघ्यापर्यंत रेतीनं माखलेलं. मांडवात शिरताना त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं नाही. पंगतीकडे बघितलं. काकाला विचारलं, "वरात सुखरूप पोचली?"

"पोचली."

"म्हातारी आजी?"

"बरी आहे. जेवली."

"लगन?"

काकानं भटजींकडे बघितलं. बाबांना उत्तर कळलं. ते म्हणाले, "वेळेवर लागलं?"

"वेळेवर."

"चांगलं झालं," ते म्हणाले. मग पायरीवर ठेवलेली वरणाची बादली उचलली आणि पंगतीत वाढायला लागले. प्रत्येक पाहुण्यापुढं वाकून, "घ्या नं भाऊ, आणखी घ्या," म्हणत. वरण पत्रावळीबाहेर सांडत होतं. इवाई पंगतीतून उठायला लागले तर बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. "जेवण सोडून उठू नका. भेट होतच राहीन."

ती भेट दुसऱ्या दिवशी सकाळी झाली, मी निघताना. दुरुस्त झालेली बस फाट्यावर आली होती. बाबांनी गाड्या जुंपल्या. आम्ही त्यात बसून नाल्यातून गेलो. मोहाच्या झाडाखाली इवायांनीच गुलालाची पुडी मागितली आणि बाबांना लावला. दोघांनी मिठी मारली. पण वरात येताना जी भेट होते ती ही नव्हे. वाजंत्री तेव्हा जाण्याचं वाजवत होती. बाबांनी हात जोडून म्हटलं, "शिवेवर कोणी नव्हतं, मनात ठेवू नका." इवाई म्हणाले, "अहो, चूक आमची. रस्ता आम्ही बदलला." दोघंही माफी मागत होते आणि दोघांचाही दोष नव्हता.

त्यानंतर गावात लोक पूर्वीसारखेच यायचे. "भाऊ, वरातीचं तुमच्याकडे." बाबा म्हणायचे, "आता दुसरं कोणाले सांगा. मले जमत नाई." त्यांचं वय झालं होतं असं नव्हे. लोकांनी समजूत घातली, काका भांडला, इवायांनी वरोऱ्याहून निरोप पाठवला. ते पुन्हा फाट्यावर उभे राहिले नाहीत. गावातल्या वरातींना मग पाणी उशिरा मिळायला लागलं, जानोशात रांजण रिकामे राहायला लागले आणि लोक म्हणायचे, पहिल्यासारखं राह्यलं नाही. त्याची हळहळ मला माझ्या लग्नापेक्षा जास्त वाटते. एका दिवसाच्या बिघाडानं एवढं चांगलं येणारं काम त्यांच्या हातातून गेलं.

काही वर्षांनी ते माझ्याकडे वरोऱ्याला आले होते. जेवण झालं होतं, ते आणि माझे यजमान ओसरीवर बसले होते. मी आत भांडी आवरत होते. बाबा अचानक म्हणाले, "जावईबापू, एक विचारू?"

"विचारा नं मामाजी."

"अंतरपाट काढला तवा माही पोरगी कशी दिसत होती?"

मी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. त्या दिवसाबद्दल ते पहिल्यांदाच बोलले होते. आणि तेही मला नाही, आईला नाही.

यजमान खोटं बोलणारे नव्हेत. म्हणाले, "मामाजी, खरं सांगू का? मी पाह्यलंच नाई. ट्रकमधली धूळ डोळ्यांत गेली होती, त्यात घाम. डोळे उघडत नव्हते. हार घालाले पण कोणीतरी हात धरून नेलं."

बाबा हसले. बराच वेळ हसले. म्हणाले, "म्हणजे कोणीच नाई पाह्यलं." मग पान मागितलं, आणि बोलणं कापसाच्या भावावर गेलं.

ते हसले हे चांगलंच झालं, असं आई पुढं म्हणाली. मला तसं वाटत नाही. त्या दिवशी यजमानांनी दोन शब्द बनवून सांगितले असते, खूप छान दिसत होती असं नुसतं म्हटलं असतं, तर बाबांनी ते गावी घेऊन जाऊन कोणाला तरी सांगितलं असतं. मी आतून येऊन सांगू शकले असते, पण मला तरी काय माहीत होतं? मी खाली बघत होते. मी कान देऊन फाट्याच्या वाटेवरची चाहूल घेत होते.